ओठाच्या कडेला झिणझिण्या, आणि परवा बारसं

प्रश्न: काल गुरुवारी रात्री साडेदहापासून वरच्या ओठाच्या उजव्या कडेला झिणझिण्या येतायत. आज सकाळी तिथे थोडा लालसर फुगवटा दिसतोय. उद्यापर्यंत पाण्याचे बारीक फोड येणार हे मला माहीत आहे, वर्षातून तीन-चार वेळा त्याच जागी येतात. मागच्या रविवारी दिवसभर सिंहगडावर उन्हात होते. आजी म्हणते कोळी मुतलाय, चुना लाव. घरात 'सगळ्यावर चालते' म्हणून केमिस्टने दिलेली एक ट्यूब आहे. अडचण अशी की परवा रविवारी भावाच्या मुलीचं बारसं आहे आणि आत्या मीच. माझं वय २९, दुसरा आजार नाही, कुठलं औषध चालू नाही. काय करू?

उत्तर:

आधी दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांना वेळेची मर्यादा आहे. गोळी घ्यायची असेल तर ती आज, शक्यतो दुपारच्या आत सुरू व्हायला हवी. आणि रविवारी बाळाला उचलायचं नाही, कानात कुर्र करायचं नाही. गोळी घेतली तरी दुसरी गोष्ट बदलत नाही.

तुम्ही सांगितलेली लक्षणं हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूची, बहुधा त्याच्या पहिल्या प्रकाराची आहेत. आधी झिणझिण्या, मग पुंजक्याने येणारे पाण्याचे फोड, जागा ओठ आणि कातडी जिथे मिळतात ती कड, आणि दर वेळी तेच ठिकाण: एवढं जुळल्यावर तपासणीची सहसा गरज नसते. 'हर्पीस' शब्दाने घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या १०० पैकी ६४ जणांच्या शरीरात हा विषाणू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातल्या कुणाच्या तरी लाळेतून मिळतो. ही नागीणही नाही. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते. तो विषाणू वेगळा, पुरळ अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्याने उठतं आणि गोळ्यांचा हिशेबही वेगळा. हे मुद्दाम सांगतोय, कारण दुकानात नुसतं 'हर्पीसची गोळी द्या' म्हटलं की बऱ्याचदा नागिणीचा सात दिवसांचा डोस हातात पडतो.

कोळ्याचा मात्र यात काही संबंध नाही. आजीला दोष देण्यात अर्थ नाही, कारण रात्री काही नव्हतं आणि सकाळी फोड दिसले, तर कुणालाही काहीतरी अंगावरून गेल्यासारखंच वाटेल. खरा प्रवास आतून होतो. पहिल्या संसर्गानंतर विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूच्या गाठीत, म्हणजे कानाच्या पुढच्या बाजूला कवटीच्या तळाशी, जन्मभर झोपून राहतो. ऊन, ताप, सर्दी, पाळी, जागरण, ताण, ओठाला झालेली इजा यांपैकी काहीतरी त्याला उठवतं आणि तो त्याच तंतूतून खाली ओठापर्यंत येतो. म्हणून जागा ठरलेली असते, आणि म्हणूनच फोडाच्या आधी झिणझिण्या येतात. उन्हानंतर दोन ते सात दिवसांत फोड उठणं नेहमीचं आहे. तुमचा रविवारचा सिंहगड आणि गुरुवारची रात्र त्यात बरोबर बसतात.

आता गोळीची घाई का, ते पाहू. कातडीत पोचल्यावर विषाणूची वाढ पहिल्या एक-दोन दिवसांतच कळसाला जाते. नंतर जे दुखतं, सुजतं आणि खपली धरतं ते बहुतांशी शरीराच्या प्रतिकाराचं काम असतं. आपल्याकडची औषधं फक्त विषाणूची वाढ थांबवतात, झालेली जखम भरून काढत नाहीत. खपली आल्यावर पाच दिवसांचा कोर्स घेणारे खूप जण दिसतात. त्यांना 'गोळीने बरं वाटलं' असं वाटतं, पण तो फोड तोवर आपसूकच बरा होत आलेला असतो.

मोठ्या माणसासाठी सर्वांत सोपा कोर्स एका दिवसाचा आहे: व्हॅलासायक्लोव्हिर २ ग्रॅम आत्ता, आणि १२ तासांनी पुन्हा २ ग्रॅम. संपलं. बाजारात ५०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, तिच्या एका वेळी चार घ्याव्या लागतात. १००० मिलिग्रॅमची मिळाली तर एका वेळी दोन. चार गोळ्या एकदम पाहून माणूस बिचकतो आणि 'एक-एक करून घेते' म्हणतो. तसं केलं तर पहिल्या तासांत रक्तात जेवढं औषध हवं तेवढं पोचतच नाही, आणि सगळी मदार त्याच तासांवर असते. पोट भरलेलं आहे की रिकामं याने फरक पडत नाही, पाणी मात्र दिवसभर भरपूर प्या. डोकं दुखणं आणि मळमळ एवढाच त्रास साधारणपणे होतो.

ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळते आणि ते योग्यच आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. गरोदरपणात, अंगावर पाजताना किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असताना हा एका दिवसाचा हिशेब स्वतःच्या मनाने लावायचा नाही. तुमच्यासारख्या निरोगी माणसासाठी आज सकाळी फॅमिली डॉक्टरांना ओठाचा फोटो पाठवून, झिणझिण्या कधी सुरू झाल्या ते सांगून चिठ्ठी मागणं पुरेसं आहे. वेळ नक्की सांगा. 'कालपासून' असं मोघम सांगण्यापेक्षा 'काल रात्री साडेदहापासून' यावर डॉक्टरांना निर्णय घेता येतो.

अपेक्षाही आधीच ठरवून ठेवा. वेळेत घेतलेल्या या कोर्सने दुखणं सरासरी एक दिवस आधी आटोपतं. काहींचा फोड फुगवट्यावरच विरतो, पण दर वेळी नाही. एक दिवस म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण एकूण आठ-दहा दिवसांच्या दुखण्यातला तो एक दिवस आहे, आणि तो बहुधा ठणकणाऱ्या दिवसांतून वजा होतो.

गोळी न मिळाल्यास अ‍ॅसायक्लोव्हिर ५ टक्के क्रीम वापरता येतं. दिवसातून पाच वेळा, जागेपणी दर चार तासांनी, चार-पाच दिवस. लावताना चोळू नका, कापसाच्या काडीने टिपल्यासारखं लावा, आणि वापरलेली काडी पुन्हा ट्यूबच्या तोंडाला लावू नका. त्याचा फायदा गोळीपेक्षा कमी, साधारण अर्ध्या दिवसाचा. गोळी घेतली असेल तर क्रीमने वेगळी भर फारशी पडत नाही. एक सावधगिरी: डोळ्यासाठीचं अ‍ॅसायक्लोव्हिर मलम ३ टक्क्यांचं आणि वेगळं असतं. ओठाचं क्रीम डोळ्यात घालायचं नाही.

घरातल्या 'सगळ्यावर चालते' त्या ट्यूबची मागची बाजू वाचा. क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन किंवा बीटामेथासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, आणि सोबत जंतू व बुरशीची दोन-तीन औषधं कोंबलेली असतील. तिने लाली आणि खाज काही तासांत कमी होते, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास बसतो. पण स्टेरॉइड त्या जागेचा प्रतिकार दाबतं आणि विषाणूला मोकळं रान मिळतं. मग फोड पसरतात आणि आठ दिवसांचं दुखणं लांबतं. ही ट्यूब ओठाला लावू नका.

चुना तर नकोच. त्याने फोड 'जळतो' असं म्हणतात, ते शब्दशः खरं आहे, फक्त जळते ती आपली कातडी. आधीच्या जखमेवर भाजल्याची जखम बसते आणि विषाणूने सहसा न पडणारा डाग पडतो. लसूण ठेचून बांधणं, टूथपेस्ट, लिंबू यांचीही तीच गत, कमी-अधिक. आजीचा मान राखायचाच असेल तर थोडं साजूक तूप चालेल. त्याने विषाणूला काही होत नाही, पण खपली मऊ राहते. साधी पेट्रोलियम जेलीही तेच काम करते. आज आणि उद्या ठणका असेल तेव्हा स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून पाच-सात मिनिटं धरा, दिवसातून तीन-चार वेळा. दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल. लोणचं, मिसळीचा कट आणि वाफाळता चहा सोमवारपर्यंत बाजूला ठेवा. त्यांनी फोड वाढत नाहीत, पण उघड्या जखमेला झोंबतं आणि मग जीभ सारखी तिथे जाते.

आता रविवारकडे येऊ. तुमच्या नेहमीच्या वेळापत्रकाप्रमाणे आज फुगवटा, उद्या शनिवारी मोहरीच्या दाण्याएवढ्या पाण्याच्या फोडांचा पुंजका, आणि रविवारी ते एकमेकांत मिसळून फुटलेले, ओलसर. सोमवार-मंगळवारपर्यंत पिवळसर खपली, आणि पुढच्या शनिवार-रविवारी ती गळून खाली गुलाबी पण सलग कातडी. फोडातल्या पाण्यात आणि फुटल्यानंतरच्या ओल्या जखमेत विषाणू सर्वांत जास्त असतो. म्हणजे बारसं नेमकं सर्वांत वाईट दिवशी आहे.

मोठ्या माणसाच्या बाबतीत याचं एवढं अवडंबर करायचं कारण नाही. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या चार ते सहा आठवड्यांत बाळाची प्रतिकारशक्ती या विषाणूला आवरू शकत नाही, आणि तो कातडीवर न थांबता यकृत, फुप्फुसं, मेंदू यांत उतरू शकतो. नवजात बाळांना होणारा हा आजार दुर्मिळ आहे, आणि बहुतेक बाळांना तो प्रसूतीच्या वेळी आईकडून लागतो. पण साधारण दहातल्या एका बाळाला तो जन्मानंतर, कुणीतरी कौतुकाने घेतलेल्या पाप्यातून मिळालेला असतो. आईला पूर्वी हा संसर्ग झालेला असेल तर तिची प्रतिपिंडं बाळाला काही अंशी वाचवतात. ती आहेत की नाहीत हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे त्या भरवशावर बाळाला जवळ घ्यायचं नाही.

आणि आत्याचं काम काय, तर बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं. ओठ आणि बाळाची कातडी यांत दोन बोटांचंही अंतर राहत नाही. मास्क लावून करू का, असा पुढचा प्रश्न येतोच. मास्कने ओठाचा थेट स्पर्श टळतो, पण तुम्ही तो दहा वेळा सारखा करणार, ओल्या जखमेला लागलेला हात बाळाच्या दुपट्याला लागणार. तेवढ्यासाठी हा धोका घेऊ नये. दोनच बरे मार्ग आहेत. तुम्ही नाव मोठ्याने जाहीर करा, पाळण्यापासून चार-पाच हात लांब उभ्या राहून, आणि कानात सांगायचं काम दुसऱ्या आत्याला किंवा आजीला द्या. नाहीतर बारसंच दोन-तीन आठवडे पुढे ढकला. आजकाल हॉलच्या तारखेसाठी बारसं सव्वा महिन्यावर जातं, मग यासाठी का नको? भावाला आणि वहिनीला आजच फोन करून खरं कारण सांगा. ऐन वेळी लांब उभ्या राहिलात तर लोक भलताच अर्थ काढतील, आणि वाद नको म्हणून तुम्हीच बाळाला उचलाल.

मागच्या आठवड्यात, झिणझिण्यांच्या आधी, तुम्ही बाळाला घेतलं असेल तर घाबरून जाऊ नका. फोड नसतानाही हा विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो हे खरं, पण प्रमाण खूप कमी असतं. फक्त वहिनीला सांगून ठेवा: पहिल्या सहा आठवड्यांत बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, झटका आला, किंवा कुठेही पाण्याचा फोड दिसला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्यायचं आणि 'आत्याच्या ओठावर हर्पीसचा फोड होता' हे वाक्य स्वतःहून सांगायचं. फोडांवाचूनही हा आजार असू शकतो, म्हणून हे वाक्य कामाचं आहे. त्यावरून डॉक्टर शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर लवकर सुरू करू शकतात.

बाकी घरात जरा सैल राहायला हरकत नाही. या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणाने ते फाटतं. म्हणून तुमचं ताट-वाटी वेगळं ठेवायची, कपडे उकळायची गरज नाही. भांडी घासायच्या साबणाने धुतलेला पेला कुणीही वापरावा. स्वयंपाक करा, ऑफिसला जा. बाटलीतून वरून पाणी प्यायची आपली सवय इथे फार उपयोगी आहे, ती सोडू नका. खपली गळून खालची कातडी सलग होईपर्यंत टाळायचं ते एवढंच: चुंबन, मुखमैथुन (त्याने हाच विषाणू जोडीदाराच्या जननेंद्रियाला लागतो), आणि ओला टॉवेल, लिपस्टिक, लिप बाम, अर्धा खाल्लेला कुल्फीचा दांडा यांची देवाणघेवाण. घरात कुणाला इसब असेल तर त्यांच्याशी बाळाएवढीच काळजी घ्या, कारण इसबाच्या फुटक्या कातडीवर हे फोड झपाट्याने पसरतात.

स्वतःच्या बाबतीत जपायचा तो डोळा. फोड टोचायचा नाही, खपली ओढायची नाही. चुकून हात लागलाच तर २० सेकंद साबणाने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर हा आठवडा चष्मा लावा. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, किंवा धूसर दिसू लागलं, तर केमिस्टकडून थेंब आणू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. या विषाणूने बुबुळावर जखम होते आणि स्टेरॉइडच्या थेंबांनी ती चिघळते. दुचाकीवर बांधायचा स्कार्फ फोडावर घासतो आणि तोच स्कार्फ मग डोळ्यांवरून फिरतो. या आठवड्यात रोज धुतलेला घ्या आणि गाठ ओठावरून नको.

फोड दोन आठवड्यांत बरा झाला नाही, मधासारखी पिवळी खपली आजूबाजूला पसरत गेली, किंवा आठ-दहा दिवसांनी हातांवर वर्तुळात वर्तुळ अशा लाल चकत्या उठल्या, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ओठांचे दोन्ही कोपरे चिरले असतील तर ते हे नव्हे. तोंडाच्या आत, गालाला किंवा जिभेच्या कडेला पांढरट खड्डा पडतो तेही वेगळं दुखणं आहे. त्या दोन्हींवर ही गोळी फुकट जाईल.

पुढच्या वेळेसाठी तुमच्याकडे दोन ठोस गोष्टी आहेत. एक म्हणजे ऊन. एसपीएफ ३० किंवा जास्तीचा लिप बाम उन्हात निघण्याआधी, आणि मग दर दोन तासांनी व प्रत्येक चहा-जेवणानंतर पुन्हा. सिंहगडावर लोक चेहऱ्याला सनस्क्रीन थापतात आणि ओठ विसरतात. पिठलं-भाकरी खाऊन झाल्यावर तर ओठावर काही उरलेलंच नसतं. फेब्रुवारी ते मे दुचाकीवर रोज जात असाल तर हा बाम गाडीच्या किल्लीशेजारी ठेवा. आत्ता फोडावर मात्र त्याची कांडी थेट फिरवू नका.

दुसरी म्हणजे गोळ्या. या वेळी चिठ्ठी घेताना डॉक्टरांना पुढच्या एका कोर्सच्याही गोळ्या लिहून मागा आणि त्या पर्समध्ये ठेवा. झिणझिण्या रात्री साडेदहाला सुरू झाल्या तर पहिला डोस पावणेअकराला पोटात गेला पाहिजे. यातला खरा फायदा त्या रात्रीत आहे, तुमच्या या वेळच्या दहा-बारा तासांच्या उशिराने तो थोडा कमी झालाच आहे. वर्षाला तीन-चार वेळा येत असेल तर एवढं पुरतं. सहा किंवा जास्त वेळा येऊ लागलं तर व्हॅलासायक्लोव्हिर ५०० मिलिग्रॅम रोज एक, असं काही महिने घेण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. चालू असेपर्यंत फोड कमी येतात, बंद केलं की विषाणू पुन्हा आपल्या जागी असतोच. लायसिनच्या गोळ्यांची जाहिरात दिसेल, त्यांच्या उपयोगाचा पुरावा कच्चा आहे.

दाताच्या डॉक्टरांकडे या आठवड्यात अपॉइंटमेंट असेल तर पुढे ढकला. ओठ ताणल्याने जखम फाटते आणि हातमोज्यांतून, यंत्राच्या तुषारांतून विषाणू इतरांच्या डोळ्यांपर्यंत जाऊ शकतो. खपली गळल्यानंतर जा. त्याच सुमाराला, पुढच्या रविवारी किंवा त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आरशात ती जागा कोरडी आणि सलग दिसली की हात धुऊन भाचीलाही घ्या. पापा मात्र गालाचा नको, पायाचा घ्या, आणि तोही ती दोन महिन्यांची झाल्यावर.